चाळीस नावं, एकच मोबाईल

जबलपुरातल्या रांझीच्या मराठी मंडळात दिवाकर खानझोडे हे नाव घेतलं की लोकांना आधी वर्गणी आठवायची आणि मग माणूस. संरक्षण खात्याच्या कारखान्यात आस्थापना विभागात कारकून म्हणून त्यांनी उभी हयात घालवली आणि तितकीच वर्षं मंडळाचं खजिनदारपद सांभाळलं. गणपतीची वर्गणी मागायला ते स्वतः दारात उभे राहायचे, चहा घ्यायचे, घरातल्या प्रत्येकाची चौकशी करायचे आणि घेतल्याशिवाय कोणाला सोडायचे नाहीत. मात्र दिलेल्या पैशाची किंमतही ते चोख चुकती करायचे. आरती झाली की माईक हातात घ्यायचा आणि देणाऱ्या प्रत्येकाचं नाव वाचायचं, दहा रुपये देणाऱ्या विधवेचंही. त्यांचं म्हणणं असं, की माणूस पैसा देतो तो देवासाठी, पण पुढच्या वर्षी पुन्हा देतो तो नाव घेतलं म्हणून. यात खोटं काही नव्हतं. मंडळाची तिजोरी याच एका समजुतीवर चालली होती.

आणि माणूस प्रामाणिक होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे जे झालं त्यात चोर कोणीच नाही. चोर असता तर निदान त्याला शिव्या घालता आल्या असत्या.

उल्हास ढोमणे मंडळाचाच माणूस. एका छोट्या वर्कशॉपमध्ये लेथवर काम करायचा. बायको कधीचीच गेलेली, घरात दोन मुलं. थोरला ऋग्वेद कमानिया गेटजवळ एका कुरियर कंपनीच्या ऑफिसात तक्रारी निपटवायचा आणि धाकटी अंतरा कांचघरच्या एका शाळेत लहान मुलांना शिकवायची. त्या अंतराच्या अंगावर निळे डाग उठायला लागले, हिरड्यांतून रक्त यायला लागलं आणि तपासण्यांअंती कळलं की तिच्या हाडांतल्या मगजानं रक्त तयार करणंच सोडून दिलंय. उपाय एकच होता, मगज बदलणं. नशिबानं ऋग्वेदचा मगज तिला जुळला. नागपूरच्या मोठ्या इस्पितळानं खर्चाचा अंदाज लेखी दिला आणि सांगितलं, ठरलेली रक्कम आमच्या खात्यात जमा झाली की लगेच भरती करून घेऊ. तोवर जबलपुरातच रक्त आणि प्लेटलेट चढवत राहायचं आणि मुलीला जंतुसंसर्गापासून जपायचं.

सरकारी मदतीतून थोडं सुटलं, उल्हासनं होतं नव्हतं ते विकलं, तरी मोठा डोंगर उरलाच. म्हणून ऋग्वेदनं एका वेबसाइटवर मदतीचं पान उघडलं. अंतराचा फोटो, डॉक्टरांचं पत्र, इस्पितळाचा अंदाज, सगळं जागच्या जागी. पैसे घरच्यांच्या हातात यायचेच नाहीत, ते कंपनीकडून थेट इस्पितळाच्या खात्यात जायचे. पान चाललंही छान. ऋग्वेदच्या मित्रांनी ते पुण्या-मुंबईपर्यंत पोचवलं, अनोळखी लोकांनी हात मोकळे सोडले आणि अर्ध्याहून बरंच जास्त जमा झालं.

मग दिवाकररावांनी मनावर घेतलं.

मंडळातल्या म्हाताऱ्यांना ऑनलाइन पैसे टाकता येत नव्हते. काहींना येत होते, पण भीती वाटायची. तेव्हा दिवाकररावांनी गणपतीची वर्गणी मागावी तशी दारोदार फिरून नगद रक्कम गोळा केली, ती आपल्या बँक खात्यात भरली आणि खात्यातून पानावर टाकायला बसले. आता एखाद्या सरळ माणसानं काय केलं असतं? सगळी रक्कम एकदम टाकली असती, आपल्या नावानं किंवा मंडळाच्या नावानं, आणि मोकळा झाला असता. पण पानावर देणाऱ्यांची यादी दिसते, हे दिवाकररावांनी पाहिलं होतं. मग दारात नगद देणाऱ्या देशमुखीणबाईंचं नाव तिथे दिसायला नको?

त्यांनी चष्मा पुसला आणि एकेक नाव घालायला सुरुवात केली. नाव देशमुखीणबाईंचं, मोबाईल आपला, पैसे आपल्या खात्यातून. पुढचं नाव वामनरावांचं, मोबाईल आपला, पैसे आपल्या खात्यातून. असं चाळीसेक नावांचं काम निघालं. मध्येच बँकेच्या ॲपनं आजची मर्यादा संपली म्हणून अडवलं, तेव्हा उरलेली नावं दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर घातली. पानावर आपल्या माणसांची रांग लागलेली पाहून त्यांना इतकं बरं वाटलं, की त्यांनी स्वयंपाकघरातून बायकोला बोलावून दाखवलं.

इंदूबाईंनी हात पुसत पाहिलं. "बाप रे. सगळी मंडळी इथे आली की."

"कोणाचं नाव सुटलं नाही," दिवाकरराव म्हणाले.

त्यानंतर लवकरच एक फोन आला. अनोळखी नंबर, मुलीचा आवाज, गोड हिंदी. "नमस्ते सर, मैं समिधा बोल रही हूँ, वेरिफिकेशन डेस्क से. अंतरा ढोमणे के कैम्पेन में आपके नंबर से कुछ पेमेंट हुए हैं, अलग-अलग नामों से. ये आपने ही किए हैं क्या?"

आता दिवाकररावांचा एक जुना सहकारी नुकताच अशाच एका फोनमध्ये निवृत्तीचा पैसा घालवून बसला होता. पोलीस बोलतोय, तुमच्या खात्यातून गैरव्यवहार झालाय, असं काहीबाही सांगून त्याला कोणीतरी लुबाडलं होतं. तेव्हापासून दिवाकररावांनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सावध राहण्याचे इतके संदेश टाकले होते, की लोक ते न वाचताच पुढे सरकवायचे. पेमेंट, अलग-अलग नाम, हे शब्द कानावर पडताच त्यांना सगळं लख्ख कळलं, म्हणजे आपल्याला कळलं असं वाटलं. अंतराचं नाव काय, पानावर कोणीही वाचू शकतं.

"देखो बेटा," ते म्हणाले, "मैंने कहीं कोई पैसा नहीं डाला. मेरा किसी अंतरा-वंतरा से कुछ लेना-देना नहीं है. ये नंबर अपनी लिस्ट में से काटो."

आणि फोन ठेवला. संध्याकाळी ग्रुपवर आपली हुशारी सविस्तर लिहिली. बारा जणांनी अंगठे दाखवले आणि मंडळाचे अध्यक्ष बाबाराव यांनी 'दिवाकरराव, तुमच्यासारखे सावध लोक पाहिजेत' असं लिहिलं. त्या बाबारावांचा काही दोष नाही, त्यांना सगळ्याच गोष्टींचं कौतुक वाटायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऋग्वेदनं पान उघडलं तर वर पिवळी पट्टी होती. पडताळणी सुरू असल्यामुळे हे आवाहन तात्पुरतं थांबवण्यात आलं आहे. पैसे देण्याचं बटण गेलं होतं. ऋग्वेदच्या ईमेलवरही तेवढंच आलं होतं, कारण काही दिलेलं नव्हतं. त्यानं लगेच तक्रार नोंदवली. जमा झालेली रक्कम दिसत होती, पण इस्पितळाकडे पाठवण्याची विनंती स्वीकारली जात नव्हती. काचेच्या पलीकडे जेवण वाढून ठेवावं, तसलं ते.

कंपनीच्या बाजूनंही पाहिलं पाहिजे, कारण शिव्या घालणं सोपं असतं. एकाच खात्यातून, एकाच मोबाईलवर, दोन दिवसांत चाळीस वेगवेगळ्या नावांनी पैसे येतात आणि त्या मोबाईलचा मालक म्हणतो की हे मी केलेलंच नाही. कोणाचं तरी खातं चोरून पैसे फिरवून घेण्याचा प्रकार हुबेहूब असाच दिसतो. त्यांनी पान गोठवलं नसतं तर उद्या दुसऱ्या कोणाच्या नावानं कोणी लोकांना लुटलं असतं. आणि संशय कशाचा आहे हे ते आधी सांगतही नाहीत, कारण खरा चोर असेल तर तो सावध होईल. नियम बरोबर होता, माणसंही बरोबर होती आणि मुलगी मात्र मरत होती.

बातमी मंडळात पोचली तेव्हा सगळ्यांत जास्त संतापले ते दिवाकरराव. पान का अडलं असावं, याची पुसटशीही शंका त्यांना आली नाही. त्यांनी समाजभवनात लोक बोलावले.

"मी आस्थापनात होतो," ते म्हणाले. "फाईल कशी हलते हे मला नका सांगू. स्मरणपत्र. एक गेलं, दोन गेली, पन्नास गेली की साहेबाला घाम फुटते. प्रत्येकानं एकेक ईमेल टाका. ज्याला येत नाही त्यानं नातवाकडून टाकवा."

आणि लोकांनी टाकले. कोणी विनंती केली, कोणी शाप दिले, कोणी पोलिसात जाण्याची धमकी दिली. एकानं तर हे मध्य प्रदेशातल्या मराठी माणसावर अन्याय आहे असं लिहिलं. प्रत्येक ईमेलला वेगळा तक्रार क्रमांक मिळाला. मग कंपनीच्या यंत्रणेनं ते सगळे क्रमांक एकाच आवाहनाचे म्हणून एकत्र केले, आणि दर नव्या संदेशागणिक ऋग्वेदची मूळ तक्रार रांगेत खाली सरकत गेली. ऋग्वेदला हे कळत होतं, कारण त्याच्या स्वतःच्या ऑफिसात हेच व्हायचं. एका हरवलेल्या पार्सलसाठी सात तक्रारी आल्या की कोणी एक जण बसून आधी त्या सात एकत्र करायचा आणि पार्सल शोधायचं तसंच राहायचं.

तो मंडळात आला आणि हात जोडून म्हणाला, "काका, प्लीज, अब कोई मेल नको टाका. एक तक्रार, एकच माणूस, सगळं एकाच मेलवर. मी बोलून राहिलो ना त्यांच्याशी."

बाबाराव म्हणाले, "मग असं करू, दुसऱ्या साइटवर नवीन पान उघडू."

"नाही ना काकाजी. तोच पेशंट, तेच फोटो. दोन्ही बंद होतील. आणि ज्यांनी पैसे दिले ना, त्यांना सांगा, बँकेत जाऊन पैसे परत नका मागू. तसं झालं तर आणखी शक येते."

पोरगं मराठी अडखळत बोलायचं, पण बोलायचं मुद्द्याचं. त्यानं ज्या ईमेलवरून पान उघडलं होतं त्याच ईमेलवरून, पहिलाच तक्रार क्रमांक वर घालून, एक छोटं पत्र लिहिलं. त्यात रडणं नव्हतं आणि धमकीही नव्हती. आवाहन कधी थांबलं, रुग्ण कोणत्या डॉक्टरांकडे आहे, इस्पितळाचा रुग्ण क्रमांक काय, भरती कशासाठी खोळंबली आहे. सोबत सही-शिक्क्याचं ताजं पत्र आणि खर्चाचा अंदाज. आणि शेवटी एक प्रश्न: तुम्हाला नेमकं काय हवं आहे, कोणाकडून हवं आहे? रक्कम फक्त इस्पितळाच्या खात्यातच पाठवावी, हेही त्यानं आपणहून लिहिलं. उत्तर आलं नाही तेव्हा त्यानं साइटच्या तळाशी बारीक अक्षरात तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि पत्ता असतो तो शोधला, कायद्यानं तो द्यावाच लागतो, आणि तेच पत्र, तोच क्रमांक घालून तिथे पाठवलं. दुसऱ्याच दिवशी पोच आली आणि पाठोपाठ समिधाचं सविस्तर उत्तर.

ते उत्तर मोबाईलमध्ये घेऊन ऋग्वेद दिवाकररावांच्या घरी आला. इंदूबाईंनी पाणी दिलं. तो पाणी प्यायला, मग म्हणाला, "काका, तो नंबर तुमचा आहे."

"कोणता नंबर?"

"चाळीस पेमेंटवाला. त्यांनी तुम्हाला फोन केला होता. तुम्ही म्हटलं, मैंने नहीं किया."

दिवाकररावांना तो फोन आठवला आणि आपण काय बोललो होतो तेही शब्दन् शब्द आठवलं. इंदूबाई दारात उभ्या होत्या, त्यांनाही आठवलं, कारण तो किस्सा त्यांनी तोवर चार वेळा ऐकला होता.

ऋग्वेद रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं, कारण मग दिवाकररावांना माफी मागण्याखेरीज काही करता आलं नसतं. तो शांतपणे समजावत गेला. कंपनीनं दोन रस्ते दिले होते. पहिला असा, की दिवाकररावांनी लेखी कबूल करायचं, पैसे मीच भरले, लोकांकडून नगद घेऊन भरले. मग त्या प्रत्येक देणाऱ्याची सही, ओळखपत्राची प्रत आणि बँकेचा उतारा जोडायचा आणि कंपनी ते तपासून पान पुन्हा सुरू करणार. दुसरा रस्ता सोपा. दिवाकररावांनी त्याच मोबाईलशी जोडलेल्या ईमेलवरून दोन ओळी लिहायच्या: ही पेमेंट माझी आहेत, ती मला परत करा. तेवढे पैसे त्यांच्या खात्यात माघारी जातील, संशयाचं कारण उरणार नाही आणि बाकीची सगळी रक्कम लगेच इस्पितळाकडे जाईल.

"आणि तुमच्याकडे जे परत येतील ना काका, त्याचा डीडी काढू. सीधा हॉस्पिटलला देऊ. पैसा तर तोच आहे. मी मेल टाइप करून आणली आहे. तुम्हाला पाठवतो, तुम्ही फक्त तुमच्या ईमेलवरून सेंड करा."

त्यानं मोबाईल पुढे केला. दोन ओळी होत्या.

दिवाकररावांनी त्या वाचल्या, पुन्हा वाचल्या. "म्हणजे पैसे माझ्या खात्यात वापस येतील."

"हो."

"आणि पानावरची नावं?"

"नावं जातील काका. पेमेंट रिफंड झालं की नाव हटते."

दिवाकररावांनी मोबाईल त्याच्याकडे परत सरकवला. त्यांच्या डोळ्यांपुढे अंतरा नव्हती. असायला हवी होती, पण नव्हती. डोळ्यांपुढे देशमुखीणबाई होत्या, पानावर आपलं नाव शोधणाऱ्या. वामनराव होते, कुणाच्या तरी कानात सांगणारे, की दिवाकरनं पैसे टाकले आणि गुपचूप काढूनही घेतले. इतक्या वर्षांत एका पैशाचा बोल लागला नव्हता त्यांना.

"असं नाही होत रे," ते म्हणाले. "लोकांनी विश्वासानं दिलं आहे. मी सह्या आणतो सगळ्यांच्या. काय वेळ लागते? आपलीच तर माणसं आहेत."

"काका, त्यात रिव्ह्यू लागेल. टाइम जाईल."

"अरे, मी आस्थापनात होतो. पूर्ण फाईल गेली की कोणी अडवत नाही. दोन दिवस दे फक्त."

इंदूबाई म्हणाल्या, "अहो, पोरगा म्हणते ते करून टाका ना."

"तुला यातलं काही समजत नाही."

ऋग्वेदनं मोबाईल खिशात ठेवला. लहानपणी याच माणसानं त्याला मंडळाच्या स्टेजवर उभं करून श्लोक म्हणायला लावले होते. वडिलांपेक्षा मोठा माणूस, ज्याच्यापुढे आवाज चढवायचा नसतो, एवढं त्याच्या अंगात मुरलेलं. तो 'चलो, ठीक आहे काका' म्हणाला आणि गेला. त्यानं उल्हासलाही काही सांगितलं नाही, कारण आधीच खचलेल्या बापाला कोणाबद्दल काय सांगणार? सभ्यपणा आपल्याकडे फार शिकवतात.

दिवाकररावांनी स्कूटर काढली. रांझीतली घरं झाली, मग कांचघरची. लोक चहा करायचे, अंतराची चौकशी करायचे, सही करायचे आणि आधार कार्डाची प्रत मागितली की थबकायचे. 'आधार कुणाला द्यायचं नाही असं तुम्हीच तर लिहिलं होतं ग्रुपवर.' त्यांना समजावण्यात एकेक दुपार गेली. काही जण म्हणाले मुलाला विचारून सांगतो. बाबाराव नातवाच्या मुंजीला अमरावतीला गेले होते. एक म्हातारे पैसे दिल्यानंतर वारले होते आणि त्यांच्या जागी सही कोणी करायची यावर त्यांच्या दोन मुलांचं जमत नव्हतं. दोन दिवसांचे किती दिवस झाले ते दिवाकररावांनी मोजलं नाही. अपुरी फाईल पुढे पाठवायची नाही, हा त्यांचा नोकरीतला नेम होता आणि तो त्यांनी आताही पाळला.

ऋग्वेदचा रोज सकाळी एक संदेश यायचा. फक्त 'काका?' एवढाच. दिवाकरराव लिहायचे, 'थोडेच राहिले.'

एकदा ते अंतराला पाहायला गेले. बाहेरच्या कोणी तिच्याजवळ जाऊ नये असं डॉक्टरांनी सांगितलेलं, म्हणून ती दारातून बोलली, तोंडाला मास्क, डोक्याला रुमाल. दंडावर सुयांचे काळे डाग होते.

"काका, पान बंद आहे पण लिस्ट दिसते," ती म्हणाली. "दुपारी बोअर झालं की मी नावं वाचते. एवढे लोक मला ओळखतात, मला माहीतच नव्हतं. ह्या सिंधू वऱ्हाडपांडे कोण?"

"मागच्या गल्लीतल्या. तुझ्या आईच्या ओळखीच्या होत्या."

"त्यांना थँक्यू सांगा. नागपूरहून आले की सगळ्यांना एकेक भेटते." ती जरा थांबली. "पण जायचं कधी, काका? भैया काही सांगतच नाही. आता मला रोज भीती वाटून राहिली."

"अगं, झालंच समज," दिवाकरराव म्हणाले.

आणि घरी येताना त्या माणसाला काय वाटलं असेल? त्याला वाटलं, बघा, नावं काढली नाहीत हेच बरं केलं, पोरगी ती वाचते आहे. माणूस स्वतःला काय काय समजावू शकतो याला हद्द नाही. भीती वाटून राहिली असं ती म्हणाली होती, ते त्यांनी ऐकलंच नाही.

अंतराला ताप चढला तो एका सकाळी. दुपारपर्यंत थंडी वाजून ती बडबडायला लागली. तिला जबलपूरच्या मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात हलवलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, रक्तात जंतू पसरलेत आणि लढायला अंगात पांढऱ्या पेशीच नाहीत. ऋग्वेदनं तिथूनच दिवाकररावांना फोन केला. या वेळी तो मराठी बोलला नाही.

"काका, आज भेज दो. बस."

दिवाकररावांच्या पिशवीत तेव्हा सगळ्या सह्या होत्या. चार सोडून. त्यांनी पिशवी बाजूला ठेवली, मोबाईल काढला आणि ऋग्वेदनं पाठवलेल्या त्या दोन ओळी, जशाच्या तशा, त्याच ईमेलवरून पाठवून दिल्या. पाठवायला किती वेळ लागला? चष्मा शोधण्यापुरता.

आणि कंपनीनं काय करावं? समिधाचं उत्तर तासाभरात आलं. आपल्या स्पष्टीकरणाबद्दल आभार, ही रक्कम आपल्या खात्यात परत केली जात आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी पिवळी पट्टी गेली. त्याच्या पुढच्या दिवशी नागपूरच्या इस्पितळात रक्कम पोचली आणि तिथून ऋग्वेदला फोन आला, भरतीसाठी खाट तयार आहे, रुग्णाला घेऊन या. ऋग्वेदनं तो फोन अतिदक्षता विभागाच्या बाहेर उभा राहून घेतला. आत अंतराच्या घशात नळी होती. तिला कुठेही हलवता येणार नव्हतं. "हाँ जी, बताता हूँ," एवढंच तो म्हणाला.

ती त्याच रात्री गेली.

इस्पितळानं पैसे कंपनीला परत केले आणि कंपनीनं ज्याचे त्याला. पुण्या-मुंबईच्या अनोळखी लोकांच्या खात्यांत ते मुकाट्यानं जमा झाले. दिवाकररावांच्या खात्यात तर मंडळातल्या लोकांचे पैसे आधीच आले होते. त्यांनी ते बँकेतून काढले आणि पुन्हा स्कूटरवरून घरोघर गेले. प्रत्येकाच्या हातात त्याचे पैसे मोजून दिले. बहुतेकांनी घेतले. देशमुखीणबाई रडल्या आणि म्हणाल्या, दिवाकरराव, तुम्ही किती धावलात त्या पोरीसाठी. दिवाकररावांनी यादीत त्यांच्या नावापुढे खूण केली. घरी इंदूबाई त्यांना वेळेवर जेवायला वाढायच्या, ताट पुढे ठेवायच्या आणि पुन्हा स्वयंपाकघरात जायच्या. त्यांना विचारायची गरजच नव्हती.

मग मंडळानं शोकसभा ठेवली. बाबाराव अमरावतीहून परतले होते. ते उभे राहून म्हणाले, या सगळ्या दुःखाच्या प्रकरणात एक गोष्ट आपल्याला शिकण्यासारखी आहे. परक्या कंपनीनं आपली पोरगी खाल्ली, पण आपल्या माणसानं एका पैशाचाही घोळ होऊ दिला नाही. आज कोण करतो इतकं? आणि पुढच्या वर्षीही खजिनदार दिवाकररावच राहतील, असं त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं. माना हलल्या.

दिवाकररावांना तेव्हा बोलता आलं असतं. शब्द फार लागले नसते. कंपनीनं नाही, मी. दोन ओळी होत्या आणि मी त्या अडवून ठेवल्या. त्यांनी घसा खाकरला. लोक त्यांच्याकडे पाहायला लागले, इतकी वर्षं पाहायचे तसेच, विश्वासानं. त्यांनी रुमाल काढून चष्मा पुसला आणि तो पुन्हा लावला.

तोवर उल्हास जागेवरून उठला होता. दाढी वाढलेली, सदरा मळलेला. तो माणसांमधून वाट काढत आला आणि दिवाकररावांच्या पायाशी वाकला.

"दिवाकरभाऊ," तो म्हणाला, "माझ्या पोरीसाठी तुम्ही दारोदार फिरले. मी नाही विसरणार."

मागच्या रांगेत ऋग्वेद बसला होता. तो दिवाकररावांकडे बघत होता. वाट पाहत होता.

दिवाकररावांनी पाय मागे घेतले नाहीत. उजवा हात उचलला आणि उल्हासच्या डोक्यावर ठेवला.